सॉफ्ट पझेशनला मराठीत काय म्हणतात

प्रणाली धकातेला तिचे नातेवाईक लग्नाची पत्रिका छापून आल्यावरच दाखवत. आधी दाखवली तर ती लाल पेन काढी, आणि तिनं पेन काढलं की मुहूर्त टळेल पण पत्रिका काही छापून होणार नाही, असा घराण्याचा अनुभव होता. एका चुलत भावाच्या पत्रिकेत ‘युवर प्रेझेन्स हेच आमचं भाग्य’ अशी ओळ होती. ती वाचून तिनं एवढंच विचारलं होतं, की हे भाग्य नवऱ्या मुलाचं की छापखानेवाल्याचं. चुलत भाऊ तिच्याशी वर्षभर बोलला नाही. तिला त्यात काही नुकसान वाटलं नाही.

घर मूळचं उमरेडच्या विणकरांचं. वडिलांनी माग विकून नागपुरात एका शाळेत नोकरी धरली, मुलीला मराठीत एम.ए. केलं, आणि मुलगी एका मराठी दैनिकाच्या संपादकीय टेबलावर जाऊन बसली. गावोगावच्या वार्ताहरांच्या बातम्या सरळ करायच्या, हे तिचं काम. ते तिनं दहा-बारा वर्षं मन लावून केलं आणि मनातल्या मनात सगळ्या वार्ताहरांना शिव्या घातल्या. मग पानं दुसऱ्या शहरातून तयार होऊन यायला लागली. तिच्यासारख्या चौघांना मालकांनी केक कापून निरोप दिला. केकवर क्रीमनं लिहिलं होतं, ‘हॅपी जर्नी प्रणाली ताई’. ‘ताई’ हा शब्द तेवढा धड होता. तिनं केक खाल्ला नाही.

त्यानंतर ती भैय्याजींच्या ऑफिसात लागली. भैय्याजींचं खरं नाव पाटीवर होतं, पण त्या नावानं त्यांना फक्त बँक ओळखे. इतवारीत वडिलांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. भैय्याजींनी त्यातून हात काढून हुडकेश्वरकडं जमिनी घेतल्या आणि तिथं एकामागून एक इमारती उभ्या केल्या. सातमजली ‘हरिकुंज हाइट्स’ ही त्यातली सगळ्यात मोठी. तिथल्या फ्लॅटधारकांचे फोन घ्यायचे, मेलना उत्तरं द्यायची, चिडलेल्यांना चहा पाजायचा, या कामाला ऑफिसात ‘ग्राहक संपर्क अधिकारी’ म्हणत. प्रणाली ते काम करी. चहा पाजताना तिच्या चेहऱ्यावर जे असे, त्याला आदरातिथ्य म्हणता आलं नसतं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. घरी ती आईशी, रुख्माबाईंशी, चारचौघींसारखीच बोले. “मले आज मीटिंग हाय, उशीर होईन,” असं ती रोज सकाळी म्हणे आणि त्यात तिला काही खटकत नसे. बोलणं बोलण्यासारखं असावं, असं तिचं मत होतं. तोंडातून निघालं, हवेत गेलं. पण कागदावर सही ठोकून दुसऱ्याच्या घरी पाठवलेलं पत्र म्हणजे अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून कुणाकडं जाणं. एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून माणूस दारात उभा राहिला, तर घरातले त्याचं म्हणणं ऐकतील की पाय बघतील, असं ती विचारी. ऑफिसात हे कुणी ऐकून घेत नसे, कारण ऑफिसात सगळेच एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून हिंडत. आणि सगळ्यांत पुढं सौरव.

सौरव विक्री विभागाचा प्रमुख. तिशीचा, पुण्याहून एम.बी.ए. करून आलेला, केस नेहमी ओले दिसणारा. तो काहीही सांगायच्या आधी ‘बेसिकली’ म्हणे आणि सांगून झाल्यावर ‘अ‍ॅक्च्युअली’ म्हणे. मधलं जे असे, ते बहुधा नसतंच, असं प्रणालीचं निरीक्षण होतं. हरिकुंजच्या ताब्याची मुदत दसऱ्याची होती. दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत आली, तेव्हा भैय्याजींनी सौरवला सगळ्या फ्लॅटधारकांना मेल टाकायला सांगितलं. सौरवनं तो मोबाइलवर, गाडीत बसल्या बसल्या लिहिला आणि पाठवून दिला:

“Dear All, hope you are doing well! Basically तुमचं possession थोडं delay झालंय कारण काही approvals pending आहेत, but don’t worry, OC is in process. So तोपर्यंत आम्ही तुम्हाला soft possession offer करत आहोत जेणेकरून आपण आपले interiors start करू शकाल. Kindly co-operate करा. काही issue असेल तर feel free to call करा.”

शेवटी एक हसरा पिवळा चेहरा होता. प्रणालीनं मेल वाचला आणि तिला आधी त्या चेहऱ्याचाच राग आला. लोक भाडं भरतायत, बँकेचा हप्ताही भरतायत, आणि हा दात दाखवतोय.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतलेले नत्थूजी पराते कोर्टातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी लिहिलं होतं:

“महोदय, आपले पत्र मिळाले. ते मराठीत आहे की इंग्रजीत, हे मी व माझ्या पत्नीने मिळून ठरवण्याचा प्रयत्न केला. ठरले नाही. मला दोन्ही भाषा वाचता येतात. तरी कोणत्याही एका भाषेत पुन्हा लिहून पाठवावे.”

हे उत्तर त्यांनी फक्त भैय्याजींना पाठवलं नव्हतं, सगळ्या फ्लॅटधारकांना पाठवलं होतं. दुपारपर्यंत ते त्यांच्या ग्रुपवर फिरलं, संध्याकाळपर्यंत भैय्याजींच्या मेहुण्याच्या मोबाइलवर पोचलं. मेहुण्यानं जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. ताबा रखडला म्हणून लोक दसऱ्यापासून शिव्या देत होते, त्यानं भैय्याजींच्या पोटातलं पाणी हललं नव्हतं. आपल्या पत्राला मेहुणा हसला, हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं.

सकाळी त्यांनी प्रणालीला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, तुम्ही पेपरातल्या, तर हे पत्र तुम्ही नीट करा. एक शब्द इंग्रजी नको. वाचून त्या कोर्टवाल्याची बोलती बंद झाली पाहिजे. सौरव बाजूलाच मोबाइल फिरवत बसला होता. तो म्हणाला, आजकाल सगळे असंच लिहितात, यानं कनेक्ट होतो. प्रणालीनं विचारलं, “कोण कोणाशी झाला कनेक्ट?” सौरव पुन्हा मोबाइल फिरवू लागला.

ती जागेवर आली, मेलची प्रत काढली आणि लाल पेन उघडलं. कबूल करायला हवं, की गेल्या दोन-तीन वर्षांत तिला इतका आनंद झाला नव्हता.

आधी भाषा ठरवली. इंग्रजीत लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण करारनामा मराठीत होता आणि लोकांच्या तक्रारीही मराठीत येत होत्या, म्हणून मराठी. मग जे काहीच सांगत नव्हतं ते उडवलं: ‘बेसिकली’ गेलं, ‘सो’ गेलं, ‘होप यू आर डूइंग वेल’ गेलं. ज्यांना तुम्ही घर दिलं नाही ते बरे आहेत का, अशी चौकशी न केलेलीच बरी. पहिल्या ओळीत ‘तुमचं’ होतं आणि तिसऱ्या ओळीत तेच लोक ‘आपण’ झाले होते. तिनं शेवटपर्यंत ‘आपण’ ठेवलं. ‘डिले झालंय’ची बोली आणि ‘जेणेकरून’चा थाट एकाच पत्रात नांदत होते, त्यांना वेगळं केलं. ‘काइंडली को-ऑपरेट करा’ हे वाचून ती हसली. उशीर यांचा, सहकार्य त्यांचं. तिथं तिनं ‘आम्ही दिलगीर आहोत’ लिहिलं. पिवळा चेहरा पेननं इतका खोडला की कागद फाटला.

सौरव चहाचा कप घेऊन मागं येऊन उभा राहिला. लिफ्टला आता उद्वाहक लिहिणार का आणि फ्लॅटला काय, असं त्यानं विचारलं. त्याला वाटलं होतं ती चिडेल. ती म्हणाली, लिफ्ट लिफ्टच राहील आणि फ्लॅटही फ्लॅटच, कारण हे शब्द तिच्या आईलाही कळतात. जो शब्द मराठीत येऊन घर करून राहिला तो पाहुणा नव्हे. ज्या शब्दाला आपल्याकडं साधा, चालता शब्द आहे आणि तरी जो केवळ रुबाबासाठी आणून बसवलाय, तो काढायचा. पझेशनला ताबा हा शब्द आहे. ओ.सी.ला भोगवटा प्रमाणपत्र हा शब्द आहे, आणि तो करारनाम्यात छापलेला आहे. करारात जे नाव, तेच पत्रात.

“आणि सॉफ्ट पझेशनले?” सौरव म्हणाला.

इथं पेन थांबलं.

तिनं विचार केला. ताबा म्हणजे ताबा. किल्ली हातात, कागद हातात, राहायला मोकळे. तो कडक असतो की मऊ असतो? सौरवनं आपला मोबाइल पुढं केला. त्यानं यंत्राला विचारलं होतं आणि यंत्रानं सांगितलं होतं, ‘मृदू ताबा’. दोघांनी ते शब्द पाहिले. सौरवलाही ते फार वेळ बघवेना.

“बरं, शब्द राहू दे,” प्रणाली म्हणाली. “यात होते काय, ते सांग. लोकायले राहायले येता येते का?”

“राहायले नाही. फर्निचर करू शकतात.”

“कागद भेटते का?”

“कागद नंतर.”

“म्हणजे ताबा नाही.”

“सॉफ्ट पझेशन आहे न, ताई.”

तिनं कागदावर लिहिलं: हा ताबा नव्हे. मग तिनं पुढचा शब्द पकडला. ओ.सी. ‘इन प्रोसेस’ आहे म्हणजे काय झालंय? अर्ज केलाय? कधी केला? सौरव म्हणाला की ते साइटवाल्यांना माहीत. तिनं साइटवर इंजिनियरला फोन लावला. इंजिनियर भला माणूस होता, त्याला कुणी कधी मराठीत प्रश्न विचारला नसावा. त्यानं सरळ सांगून टाकलं: आग विझवायचा पंप अजून बसवलेला नाही, पंप नाही म्हणून अग्निशमन विभागाचा अंतिम दाखला नाही, आणि तो दाखला नाही म्हणून भोगवटा प्रमाणपत्राचा अर्जच गेलेला नाही.

प्रणालीनं फोन ठेवला. इतकी वर्षं ती धेडगुजरी मराठीला आळस समजत आली होती. आज तिला पहिल्यांदा कळलं, की निदान या पत्रात तो आळस नव्हता. ‘इन प्रोसेस’ या दोन शब्दांच्या आड एक न घेतलेला पंप उभा होता. तो तिथं बरोब्बर मावला होता. सौरवला हे माहीत होतं की त्यालाही आपलेच शब्द खरे वाटत होते, हे तिला ठरवता आलं नाही. तिचा अंदाज असा, की त्यानं कधी विचारच केला नव्हता.

तिनं स्वच्छ प्रत काढली. विषयाची ओळ: ‘हरिकुंज हाइट्समधील फ्लॅटच्या ताब्यास झालेला विलंब’. खाली: “सप्रेम नमस्कार. आपल्या फ्लॅटचा ताबा ठरलेल्या मुदतीत देता आला नाही, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. इमारतीतील अग्निशमन पंप बसवण्याचे काम अपूर्ण आहे. त्यामुळे भोगवटा प्रमाणपत्रासाठी अद्याप अर्ज करता आलेला नाही. ते मिळेपर्यंत फ्लॅट राहण्यासाठी देता येणार नाही. पंपाचे काम पूर्ण होण्याची तारीख आपणास या आठवड्यात कळवू.” शेवटी भैय्याजींचं पूर्ण नाव. एकही शब्द परका नव्हता, एकही ओळ जड नव्हती, आणि अक्षरशः कुणालाही कळलं असतं. ती प्रत घेऊन ती केबिनमध्ये गेली तेव्हा तिची मान जरा ताठ होती.

भैय्याजींनी चष्मा लावून वाचलं. एकदा वाचलं, मग ओठ हलवत पुन्हा वाचलं.

“मॅडम, हे मी कुठं सांगतलं होतं लिहायले?”

ती म्हणाली, मूळ पत्रात जे होतं तेच मराठीत आणलंय.

“मूळ पत्रात पंप नव्हता.”

“होता,” ती म्हणाली. “इंग्रजीत होता.”

भैय्याजी हसले नाहीत. तसे ते मूर्ख नव्हते. त्यांनी कागद बाजूला ठेवला, खुर्ची मागं टाकली आणि शांतपणे बोलू लागले. म्हणाले, त्यांना सरकारी पत्रं येतात. तीही शुद्ध मराठीत असतात, त्यातही इंग्रजीचा ठिपका नसतो. पण ती वाचून कधी कोणाला काही कळलंय का? तरी वाचताना माणूस खुर्चीवरून उठून उभा राहतो. त्यांना तसलं पत्र हवं होतं. मग त्यांनी तिच्याकडं पाहून म्हटलं, “तुमच्या पेपरात तर रोज तसंच छापून येत होतं न. तुम्हीच लिहून राहिल्या असान.”

हे खरं होतं. हजारो सरकारी प्रसिद्धिपत्रकं तिच्या हाताखालून गेली होती. ती भाषा तिला झोपेत लिहिता आली असती. तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात सौरव म्हणाला, “राहू द्या भैय्याजी. ताईले नाही जमणार, मी पाहतो.”

आता हे सांगताना वाईट वाटतं, पण प्रणाली त्या एका वाक्यानं गेली. धमकीनं गेली नसती, पगाराच्या भीतीनंही कदाचित गेली नसती. हा ओल्या केसांचा पोरगा तिला मराठी जमणार नाही म्हणतो, हे तिला सोसलं नाही. ती तिथंच उभ्या उभ्या कागद उलटा करून लिहू लागली:

“उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, भोगवटा प्रमाणपत्राबाबतची कार्यवाही प्रगतिपथावर असून ती पूर्ण होताच सदनिकांचा विधिवत ताबा यथावकाश देण्यात येईल. तत्पूर्वी, सदनिकाधारकांच्या सोयीस्तव, अंतर्गत सजावटीकरिता सदनिका उपलब्ध करून देण्यात येत आहेत. आपल्या संयमाबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.”

फ्लॅटची सदनिका झाली होती. पंप नाहीसा झाला होता. कोण काय करणार, कधी करणार, हे कुठंच नव्हतं. सगळं आपोआप ‘येत’ होतं आणि ‘जात’ होतं. भैय्याजींनी मोठ्यानं वाचलं आणि त्यांचा आवाज वाचता वाचता भारदस्त झाला. “आता कसं,” ते म्हणाले. सौरव म्हणाला, “टॉप.” पत्र त्याच दुपारी गेलं.

प्रणाली जागेवर येऊन बसली. लाल पेनला टोपण लावलं. सौरवच्या पत्राला भोकं होती, म्हणून आपल्याला काही कळलेलं नाही, एवढं तरी नत्थूजींना कळलं होतं. तिच्या पत्राला एकही भोक नव्हतं. त्या दिवशी ती घरी गेली तेव्हा रुख्माबाईंनी विचारलं, “काहून वं, चेहरा काहून असा करून बसली?” ती म्हणाली, डोकं दुखून राहिलं. आईनं बाम आणून दिला. तिनं तो लावला, न दुखणाऱ्या डोक्याला.

उत्तरं दोन दिवस येत राहिली. एका बाईंनी लिहिलं, की वाचून समाधान वाटलं. दुसऱ्या एकानं लिहिलं, की मराठीची अशी जपणूक करणारा बिल्डर विरळा. प्रणाली ती उत्तरं एकेक उघडी आणि तिच्या तोंडाला कडू चव येई. ज्या लोकांना ती आजवर भाषेची चाड नाही म्हणून तुच्छ लेखत आली, त्यांना भाषेची चाड होती, आणि नेमकी तीच त्यांना नडत होती. सगळ्यात शेवटी नत्थूजींचं उत्तर आलं.

“महोदय, आपले पत्र वाचून आनंद झाला. भाषा उत्तम आहे. पूर्वीच्या पत्राबद्दल मी थोडे कठोर लिहिले, त्याबद्दल क्षमस्व. आपण म्हटल्याप्रमाणे सुताराशी बोलणी केली आहेत. पुढील आठवड्यात स्वयंपाकघराचे काम सुरू करतो व भाड्याचे घर महिनाअखेरीस सोडतो. हरकत नसावी.”

ग्राहकांच्या मेलना उत्तर देणं हे तिचंच काम होतं. भैय्याजींनी तो मेल तिच्याकडं पाठवून वर लिहिलं होतं, ‘रिप्लाय करा, थँक्यू म्हणा’.

ती बराच वेळ त्या ‘हरकत नसावी’कडं पाहत राहिली. म्हातारा माणूस, कोर्टात आयुष्य गेलेलं, हजारो अर्ज वाचलेला. सौरवच्या धेडगुजरीला तो फसला नव्हता. तो तिच्या मराठीला फसला होता. उद्या तो भाड्याचं घर सोडणार आणि ओट्याला नवा दगड लावून बाहेर उभा राहणार, कारण आत राहायची परवानगीच नाही.

तिनं उत्तर लिहिलं. त्याला वेळ लागला नाही.

“महोदय, हरकत आहे. भोगवटा प्रमाणपत्रासाठी अद्याप अर्ज केलेला नाही, कारण अग्निशमन पंप बसवलेला नाही. ते प्रमाणपत्र मिळेपर्यंत आपल्याला फ्लॅटमध्ये राहता येणार नाही. भाड्याचे घर सोडू नये.”

खाली तिनं स्वतःचं नाव घातलं आणि भैय्याजींनाही प्रत लावली. चोरून काही करायचं नाही, एवढा अभिमान तिच्यात शिल्लक होता. मग तिनं बटण दाबलं आणि डबा खायला गेली.

पुढं जे व्हायचं ते झालं. नत्थूजींनी ते चार ओळींचं उत्तर सगळ्यांना पाठवलं. सोमवारी फ्लॅटधारक ऑफिसात आले. ओरडाआरडा फारसा झाला नाही, कारण प्रश्न आता एकच होता आणि तो सगळ्यांना नीट कळला होता: पंप कधी? भैय्याजींना तारीख द्यावी लागली, आणि ती त्यांनी लेखी दिली. माणसं गेल्यावर त्यांनी प्रणालीला बोलावलं नाही. आवाजही चढवला नाही. दुसऱ्या दिवसापासून ग्राहकांचे मेल तिच्याकडं येणं बंद झालं आणि तिचं टेबल साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत हलवलं गेलं, जिथं सिमेंटच्या गाड्यांची नोंद करायची होती. तिनं तिथं महिनाभर काढला. गाड्यांच्या चलनांवरची स्पेलिंगं दुरुस्त केली, मग राजीनामा दिला. राजीनामा साध्या मराठीत होता. भैय्याजींनी त्यावर ‘ओके’ लिहिलं.

पत्र्याच्या खोलीत असताना एकदा तिला नत्थूजींचा फोन आला होता. तिला वाटलं होतं, आभार मानतील. आवाज कोरडा होता. त्यांनी पंपाची चौकशी केली, सुताराला थांबवलंय म्हणाले, आणि मग विचारलं, “आधीचं पत्र, ते सदनिकावालं, कोणी लिहिलं होतं?”

“मी लिहिलं होतं,” ती म्हणाली.



“भाषा चांगली होती,” नत्थूजी म्हणाले आणि फोन ठेवला.

कुणीतरी तोंडावर थुंकलं असतं तरी तिला इतकं लागलं नसतं. तिनं आयुष्यभर जे मिळवलं, ज्याच्या जोरावर सगळ्या गावाला नावं ठेवली, ते त्या माणसानं तीन शब्दांत तिच्या हातावर परत ठेवलं होतं. ती उठली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. एक सिमेंटची गाडी मागं येत होती. चलनावर सही करायला ड्रायव्हर तिला आवाज देत होता.

आता ती घरूनच काम करते. पतसंस्था, शाळा, नरखेडकडची एक संत्रा उत्पादकांची कंपनी, असे लोक तिला आपले मेल आणि पत्रं नीट करायला पाठवतात. ती अजूनही ‘बेसिकली’ खोडते. अजूनही ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ एका पत्रात राहू देत नाही. तिची जीभ काही मऊ झालेली नाही. मागच्या महिन्यात एका मुख्याध्यापकांना तिनं सांगितलं, की तुमचं पत्र तुमच्या विद्यार्थ्यानं लिहिलं असतं तर तुम्ही त्याला नापास केलं असतं. पण पेन उघडायच्या आधी ती फोन करून विचारते, की यात नेमकं झालंय काय. पुष्कळांना हा प्रश्न आवडत नाही. आम्ही भाषा दुरुस्त करायला दिली, चौकशी करायला नाही, असं ते म्हणतात आणि काम परत घेऊन जातात. ती घेऊन जाऊ देते आणि फोन ठेवल्यावर रुख्माबाईंना त्यांची नक्कल करून दाखवते.

हरिकुंजचा ताबा पावसाळ्याच्या आत मिळाला. तिला ते कळलं, कारण ऑफिसच्या मेलच्या यादीतून तिचं नाव काढायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मेल सौरवनं पाठवला होता. पूर्ण इंग्रजीत, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. प्रमाणपत्राचा क्रमांक, त्याची तारीख, किल्ल्या कोणत्या दिवशी कुठं मिळतील ते, येताना काय कागद आणायचे ते. हसरा चेहरा नव्हता. प्रणालीनं तो लाल पेन हातात घेऊन वाचला, मग पुन्हा एकदा सावकाश वाचला. एकही चूक सापडली नाही. तिला ते फारसं आवडलं नाही.